आधी P0 की आधी P2? बँकर्स अल्गोरिदमची कुळकथा

ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेल्या कुणालाही खालचा तक्ता ओळखीचा वाटेल. पाच प्रोसेस आणि तीन प्रकारचे रिसोर्स. A चे एकूण १० नग, B चे ५, C चे ७. प्रत्येक ओळीत त्या प्रोसेसकडे आत्ता किती आहे आणि जास्तीत जास्त किती लागू शकेल हे दिलेले असते. तिसरा रकाना विद्यार्थ्याने वजाबाकी करून भरायचा.

| प्रोसेस | अलोकेशन | मॅक्स | नीड |
|---|---|---|---|
| P0 | ० १ ० | ७ ५ ३ | ७ ४ ३ |
| P1 | २ ० ० | ३ २ २ | १ २ २ |
| P2 | ३ ० २ | ९ ० २ | ६ ० ० |
| P3 | २ १ १ | २ २ २ | ० १ १ |
| P4 | ० ० २ | ४ ३ ३ | ४ ३ १ |

हा तक्ता सिल्बरशात्झ, गॅल्विन आणि गॅग्ने यांच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पुस्तकातला आहे. मुखपृष्ठावरच्या प्राण्यांमुळे विद्यार्थी त्याला डायनासोर बुक म्हणतात. आकडे बदलून, कधी न बदलताही, तो परीक्षेत येत राहतो. पुस्तकाने दिलेला सेफ सीक्वेन्स आहे P1, P3, P4, P2, P0. पुढे त्याच उदाहरणात P1 आणखी (१, ०, २) मागते. ती मागणी मान्य केली तर स्थिती सेफ राहील का, हे तपासताना पुस्तक जो क्रम देते तो आहे P1, P3, P4, P0, P2.

शेवटच्या दोन नावांची अदलाबदल झाली आहे. वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडताना बराच काळ माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. एकदा दोन्ही क्रम शेजारी शेजारी लिहिले गेले आणि प्रश्न पडला की आकड्यांत असे काय बदलले, ज्यामुळे P0 पुढे सरकली? उत्तर आहे, काहीच नाही. पहिल्या स्थितीत शिल्लक (३, ३, २) आहे. दुसऱ्या स्थितीत P1 ने त्यातले (१, ०, २) नेल्यामुळे ती (२, ३, ०) आहे. पण दोन्हीकडे पहिली संपते ती P1, आणि ती संपली की तिच्याकडचे सगळे परत येऊन शिल्लक (५, ३, २) होते. तिथून पुढचे गणित अंकागणिक एकच आहे. तरीही एका ठिकाणी P2 आधी आणि दुसऱ्या ठिकाणी P0 आधी. आकडे सारखे असूनही क्रम वेगळा निघतो, तेव्हा तो फरक शोधणाऱ्याच्या नजरेतून आलेला असतो. या अल्गोरिदमच्या कुळात ही नजर कुठून कशी फिरत आली, ते मी इथे सांगणार आहे.

आधी क्रम हाताने काढून पाहू. वाटून दिलेले एकूण (७, २, ५), म्हणून शिल्लक (३, ३, २). हीच वर्कची सुरुवातीची किंमत. P0 ला ७ A हवेत, नाही जमत. P1 ला (१, २, २) हवेत, जमते. P1 ला ते दिले, तिचे काम संपले, तिने सगळे परत केले असे मानायचे. वर्कमध्ये तिचे अलोकेशन मिळवायचे, (५, ३, २) झाले. फिनिशच्या रकान्यात तिच्यापुढे ‘ट्रू’. P2 ला ६ A हवेत, नाही. P3 ला (०, १, १), जमते. वर्क (७, ४, ३). P4 ला (४, ३, १), जमते. वर्क (७, ४, ५). आता तक्त्याची शेवटची ओळ झाली आणि P0 व P2 उरल्या. P0 ला (७, ४, ३) हवेत, P2 ला (६, ०, ०). दोघींचेही भागते. इथे पेन कुठे टेकवायचे, हाच तो फाटा.

पेन पुन्हा वर नेऊन पहिल्या ओळीपासून उतरले तर आधी P0 लागते. हा पुस्तकातला दुसरा क्रम. पहिला क्रम, म्हणजे P2 आधी आणि P0 शेवटी, या रीतीने निघतच नाही. तो काढायचा एक सरळ मार्ग मला सापडला. नजर वरून खाली गेली, तळाशी P4 पाशी पोहोचली, आणि शेत नांगरणारे बैल टोकाला वळून परततात तशी तिथूनच वर निघाली. वर जाताना P3 झालेली, मग P2, मग P1 झालेली, मग P0. अगदी छापलेला क्रम. माझे मत असे की पहिले उदाहरण कुणीतरी कागदावर, परतीच्या नजरेने सोडवले. आणि दुसरे यंत्रासारखे, तळ गाठल्यावर पुन्हा वरून सुरू करून.

याला लेखी पुरावा नाही, हा माझा तर्क आहे. त्याच्या विरोधात तीन मते मांडता येतात आणि तिन्ही तपासायला हवीत. पहिले मत असे की लेखकांनी मुद्दाम वेगळा क्रम दिला, म्हणजे एकाहून अधिक उत्तरे असतात हे वाचकाला कळावे. पण तसा हेतू असता तर बदल पहिल्या क्रमात सुरुवातीलाच, P1 आणि P3 यांच्यात केला असता, कारण तो चटकन दिसतो. दुसरे मत असे की कमी मागणारी आधी. हे तर पहिल्याच पायरीला कोसळते, कारण P3 ला फक्त (०, १, १) हवे आहेत, P1 पेक्षा कमी, आणि तरी P1 पहिली आहे. तिसरे मत जास्त भक्कम आहे: वरून खाली जा, पण सगळ्यात जास्त मागणारी शेवटी ठेव. P0 ची मागणी सर्वांत मोठी, म्हणून ती शेवटी गेली. पहिला क्रम यानेही नीट निघतो. पण मग दुसऱ्या क्रमात तीच P0, तेवढीच मागणी घेऊन, P2 च्या आधी कशी आली? एकाच उदाहरणात लेखकाने धोरण बदलले असे मानावे लागते. परतीच्या नजरेला धोरण लागत नाही. नजर एकदा खालून वळते, एकदा वरून सुरू होते, आणि सोडवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मी माझ्या मतावर कायम आहे.

आता या नजरेचे मूळ. एड्सखर डाइक्स्ट्रा नेदरलँड्समधल्या आइन्धोव्हनच्या तंत्रविद्यापीठात असताना त्याने हा अल्गोरिदम आधी डच भाषेतल्या एका टिपणात लिहिला. त्याच्या हस्तलिखितांच्या मालिकेत ते EWD108 म्हणून ओळखले जाते. ज्याला आज डेडलॉक म्हणतात त्याला तो ‘प्राणघातक मिठी’ म्हणत असे. १९६५च्या ‘कोऑपरेटिंग सीक्वेन्शियल प्रोसेसेस’ या इंग्रजी टिपणात बँकर सविस्तर येतो. त्याच्याकडे ठरावीक भांडवल आहे, मोजायचे एकक फ्लोरिन. गिऱ्हाइकाने आपली कमाल गरज आधी सांगायची. ती भांडवलापेक्षा मोठी असेल तर बँकर त्याला दारातूनच परत पाठवतो. कर्ज एकेक फ्लोरिनने वाढते, कधी थांबावे लागते, आणि पूर्ण गरज भागली की गिऱ्हाईक ठरावीक काळात सगळे परत करते. चलन एकच आहे. अनेक प्रकारच्या रिसोर्सपर्यंत हा हिशेब नेला तो डाइक्स्ट्राचाच विद्यार्थी निको हाबरमान याने, १९६९च्या लेखात. A, B, C असे तीन रकाने आपण मांडतो ते त्याच्यामुळे.

मला थांबवले ते डाइक्स्ट्राच्या त्या इंग्रजी टिपणातल्या अल्गोल ६० च्या काही ओळींनी. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे एक खूण आहे, ‘याचे काम संपेल का याची शंका’ अशा अर्थाची. फिनिशच्या रकान्याची ती उलटी बहीण: तिथे शंका ‘ट्रू’ पासून सुरू होते, आपल्याकडे फिनिश ‘फॉल्स’ पासून. मोकळ्या पैशांचा एक आकडा आहे, तो आपला वर्क. लूप पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरू होतो. ज्याची उरलेली मागणी मोकळ्या पैशांत बसते असा पहिला सापडला की त्याची शंका मिटते, त्याचे कर्ज मोकळ्या पैशांत जमा होते, आणि पुढचे पाऊल असते `goto`. परत लूपच्या तोंडाशी, परत पहिल्या गिऱ्हाइकापासून.

हा तोच डाइक्स्ट्रा, ज्याचे `goto` विरुद्धचे पत्र मार्च १९६८ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ मध्ये छापले गेले आणि ज्याने पुढच्या पिढ्यांच्या हातून ते विधान जवळजवळ हद्दपार केले. बँकरच्या जन्मात मात्र ते बसलेले आहे. अल्गोल ६० मध्ये लूप मध्येच सोडून बाहेर पडण्यासाठी वेगळे विधान नव्हते, म्हणून सापडल्याबरोबर पुन्हा वरून सुरुवात करायची तर `goto` हाच सरळ रस्ता होता. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. त्या एका उडीने शोधाची दिशा ठरवली, म्हणून सांगतो.

आजच्या नावांनी त्या ओळी अशा दिसतील:

```
L: for i = 0 to n-1
     if not Finish[i] and Need[i] <= Work
        Work = Work + Allocation[i]
        Finish[i] = true
        goto L
```

डाइक्स्ट्राची ही चाल आपल्या तक्त्यावर चालवून पाहा. P1 सापडली, परत वर. P0 नाही, P2 नाही, P3 सापडली, परत वर. वर्क आता (७, ४, ३) आहे आणि P0 ला नेमके (७, ४, ३) हवे आहेत. बसते. म्हणजे P4 ला हात लावण्याआधीच P0 संपली. मग P2, आणि शेवटी P4. क्रम निघाला P1, P3, P0, P2, P4. पुस्तकाने दिलेल्या दोन्ही क्रमांपेक्षा हा तिसराच.

परीक्षेच्या पेपरांत हा क्रमही येतो. प्रत्येक यशानंतर पुन्हा पहिल्या ओळीवर जाणारे विद्यार्थी असतातच आणि त्यांनी डाइक्स्ट्रा वाचलेला नसतो. माझा ठाम कयास असा की हे वळण त्यांना वर्गातून मिळते: ‘एक प्रोसेस झाली की पुन्हा वरून बघा’ हे वाक्य शिक्षकाकडून शिक्षकाकडे येत राहिले आहे आणि त्याच्या टोकाला ती `goto` आहे. याच्या विरोधात म्हणता येईल की वरून वाचणे ही माणसाची सवयच आहे, त्यासाठी १९६५ पर्यंत जायला नको. पण सवयीने हात पुढच्या ओळीवर जातो, मागे नाही. पुस्तकातल्या पायऱ्याही ‘कोणतीही एक i शोधा’ एवढेच म्हणतात, कुठून शोधायची ते सांगत नाहीत. मागे उडी मारायला कुणीतरी शिकवावे लागते. आणि ही उडी किफायतशीरही नाही. या तक्त्यात दर वेळी वरून सुरू केले तर ८ ओळी तपासाव्या लागतात. सरळ खाली जाऊन मग वर आले तर ७.

तीन नजरा आणि तीन क्रम पाहिल्यावर साहजिकच शंका येते की एका नजरेने ‘सेफ’ आणि दुसरीने ‘अनसेफ’ निघाले तर? तसे कधीच होत नाही, आणि हा या अल्गोरिदमचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. एखादी प्रोसेस संपली की वर्क वाढतो किंवा तेवढाच राहतो, घटत कधीच नाही. म्हणून आत्ता जिचे भागते तिचे पुढेही भागेल. तिला आज निवडले नाही म्हणून ती हातची जात नाही. निवड चुकीची ठरण्याची सोयच नसल्यामुळे मागे फिरून दुसरी वाट तपासायची गरज पडत नाही. कुठेही अडकलात तर स्थिती खरोखरच अनसेफ आहे, तुम्ही कोणत्याही क्रमाने आलेले असा.

मग या तक्त्याची बरोबर उत्तरे किती? P0 ला ७ A हवेत आणि P2 ला ६. शिल्लक ३ आहेत, आणि P1 व P3 प्रत्येकी २ सोडतात. एकटीच्या परत येण्याने ५ होतात, P4 चे अलोकेशन A मध्ये शून्य आहे. म्हणून P1 आणि P3 या दोन्ही P0 व P2 च्या आधी संपायलाच हव्यात. P4 ला ४ A हवेत, तिला P1 किंवा P3 यांपैकी एक आधी संपलेली पुरते. P1 आणि P3 यांचा आपसांतला क्रम दोन तऱ्हेचा, P0 आणि P2 यांचाही दोन तऱ्हेचा, आणि P4 पहिली सोडून चारपैकी कोणत्याही जागी. दोन गुणिले दोन गुणिले चार, म्हणजे १६ सेफ सीक्वेन्स. पाच नावे १२० तऱ्हांनी मांडता येतात, त्यांपैकी १६ बरोबर. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात त्यांतला एकच असतो. तो न जुळल्याने गुण कापले गेल्याची तक्रार मी अनेक विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. क्रम जुळवून तपासणे ही चुकीची रीत आहे. विद्यार्थ्याने दिलेला क्रम घ्यावा, प्रत्येक ओळीत नीड वर्कमध्ये बसते का पाहावे, वर्क बरोबर वाढवला आहे का पाहावे. एवढे पुरते, आणि पाच ओळींचेच काम आहे.

विद्यार्थ्याला स्वतःची चूक पकडायलाही एक खूण आहे, आणि तिचे मूळही त्याच टिपणात सापडते. डाइक्स्ट्राच्या त्या ओळींच्या शेवटी तो सगळ्यांची शंका मिटली का हे एकेक करून तपासत नाही. मोकळे पैसे आता भांडवलाइतके झाले का, एवढेच विचारतो. झाले तर सेफ. आपल्या तक्त्यात शेवटचा वर्क (१०, ५, ७) आलाच पाहिजे, म्हणजे A, B, C चे एकूण नग. हमखास होणारी चूक ही की प्रोसेस संपल्यावर वर्कमध्ये अलोकेशनऐवजी मॅक्स मिळवले जाते. ‘ती सगळे परत करते, म्हणून मॅक्स’ हा विचार अर्धाच खरा आहे. ती मॅक्सएवढे परत करते हे बरोबर, पण त्यापूर्वी वर्कमधून तिला नीड दिलेले असते. ते वजा केले की निव्वळ भर अलोकेशनचीच. मॅक्स मिळवत गेलात तर इथे शेवटी (२८, १५, १४) येतात. ज्या जगात A चे १० नग आहेत तिथे २८ कुठून आले, हे लगेच खटकावे.

P1 ची मागणी मान्य केल्यानंतरच्या स्थितीत याच खुणेची दुसरी बाजू दिसते. तिथे P0 ने (०, २, ०) मागितले तर? शिल्लक (२, ३, ०) आहे, म्हणजे देण्याइतके आहे. दिले असे मानू: शिल्लक (२, १, ०), P0 चे नीड (७, २, ३). आता पाचही ओळी पाहा. P1 ला २ B हवेत, आहे १. P3 ला १ C हवा, आहे शून्य. P2 ला ६ A, P4 ला ४ A, P0 ला ७. पहिल्याच फेरीत सगळ्या नापास. वर्क जिथल्या तिथे, (१०, ५, ७) खूप दूर. स्थिती अनसेफ, म्हणून P0 ने थांबायचे. इथे डेडलॉक झालेला नाही. P1 ने आपली कमाल मागणी केलीच नाही तर सगळे सुरळीतही पार पडेल. बँकर फक्त तशी शाश्वती नाही म्हणून नकार देतो. आणि हीच मागणी P0 ने P1 च्या आधी केली असती तर मान्य झाली असती. शिल्लक (३, १, २) राहिली असती, तेवढ्यात P3 संपते आणि तिच्या मागोमाग P1.

भांडवलाशी बेरीज जुळवणे आणि फिनिशच्या रकान्यात सगळीकडे ‘ट्रू’ येणे, या दोन कसोट्या एकच वाटतात. एका ठिकाणी त्या फुटतात. तक्त्यात सहावी ओळ घाला: P5, अलोकेशन (०, ०, ०), मॅक्स (११, ०, ०). पहिल्या पाच प्रोसेस संपतात, वर्क (१०, ५, ७) होतो, बेरीज जुळते. P5 मात्र कधीच संपणार नाही, कारण A चे ११ नग अस्तित्वातच नाहीत. फिनिशमध्ये ‘फॉल्स’ उरतो आणि पुस्तकाची कसोटी अनसेफ म्हणते. डाइक्स्ट्राच्या कसोटीला हे दिसत नाही, पण त्याच्या बँकरकडे असे गिऱ्हाईक येतच नाही: कमाल गरज भांडवलापेक्षा मोठी असलेल्याला त्याने दारातूनच परत पाठवले आहे. परीक्षेतला तक्ता ती चाळणी लावून आलेला असतो असे नाही. म्हणून नीड काढण्याआधी मॅक्सच्या प्रत्येक रकान्यातला मोठ्यात मोठा आकडा एकूण नगांशी ताडून पाहावा. या तक्त्यात A मध्ये ९ विरुद्ध १०, B मध्ये ५ विरुद्ध ५, C मध्ये ३ विरुद्ध ७.